टेस्ट ड्राइव्ह वीकेंडची कॅप्शन लिहितेय, ऑफरच्या अटी कुठे आणि कशा लिहायच्या?

निळीशाई

एका गाड्यांच्या शोरूमसाठी सोशल मीडियाचं लिखाण करते. शनिवार १४ आणि रविवार १५ जून २०२५ असे दोन दिवस टेस्ट ड्राइव्हचा कार्यक्रम आहे. एकच मॉडेल, पण डेमो गाड्या दोन: एक मॅन्युअल, एक ऑटोमॅटिक. मॅनेजरने मला चिठ्ठीवर एवढंच लिहून दिलंय: "एक्सचेंज बोनस, ॲक्सेसरी किट फ्री, अटी लागू." हीच कॅप्शन फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप अशी तिन्हीकडे जाणार आहे. मी केलेला कच्चा मजकूर हा:

> टेस्ट ड्राइव्ह महोत्सव! तुमच्या स्वप्नातली गाडी आता तुमच्या हाती! या शनिवार-रविवारी शोरूमला या, टेस्ट ड्राइव्ह घ्या आणि मिळवा आकर्षक एक्सचेंज बोनस*, मोफत ॲक्सेसरी किट* आणि बरंच काही! लिंकवर फॉर्म भरा, फोन करा किंवा थेट भेट द्या. त्वरा करा, ऑफर मर्यादित! *अटी लागू*

मला स्वतःलाच हे पटत नाहीये, पण नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही. अटी सगळ्या लिहायला गेले तर कॅप्शन लांबते, न लिहाव्यात तर काउंटरवर लोक भांडतात. बुकिंगची पद्धतही सोपी करायची आहे. सुचवा.

आडवाट

शिकाऊ लायसन्सवर टेस्ट ड्राइव्ह देतात का हो? माझं पक्कं लायसन्स यायला अजून महिना आहे, पण गाडी आत्ताच ठरवायची आहे. आणि पहिली गाडी म्हणून ऑटोमॅटिक घेतलेली बरी की मॅन्युअल? घाटात ऑटोमॅटिक दमते असं मामा म्हणतात.

उंबरठा

निळीशाई, एवढा विचार करू नका. लोक कॅप्शन वाचतच नाहीत, पहिली ओळ वाचतात. इन्स्टाग्रामवर दीड-दोन ओळींनंतरचं सगळं "आणखी"च्या मागे जातं. त्यामुळे पहिल्या ओळीत वार, तारीख आणि काय आहे ते आलंच पाहिजे. तुमच्या पहिल्या ओळीत "महोत्सव" आणि "स्वप्न" आहे, तारीख कुठेच नाही. "या शनिवार-रविवारी" असं लिहिलेला मेसेज व्हॉट्सॲपवर तीन आठवडे फिरतो आणि प्रत्येक शनिवारी नवा होतो.

अटींचं म्हणाल तर "अटी लागू" पुरेसं आहे. सगळेच तसं लिहितात. सविस्तर बोलणं शोरूममध्ये होतंच.

निळीशाई

तारखेचं शंभर टक्के मान्य. ती राहिली कशी तेच कळत नाही.

आडवाट, लायसन्सचा प्रश्न मी मॅनेजरला विचारते. इतर लोकांनाही तो पडेल, म्हणजे कॅप्शनमध्ये यायला हवा.

गिअरबॉक्स

मी चौदा वर्षं शोरूममध्ये होतो, आधी सेल्समध्ये आणि मग बिलिंगच्या टेबलावर. उंबरठा यांचं पहिल्या ओळीचं म्हणणं बरोबर आहे, "अटी लागू" पुरेसं आहे हे मात्र नाही. कॅप्शनमधली भांडणं बहुतेक एकाच जागी होतात, आणि तुमच्या मजकुरात ती जागा रिकामी आहे: ऑफर कुठल्या तारखेला धरली जाते? बुकिंगच्या की बिलाच्या?

कार्यक्रमातल्या ऑफर दोन खिशांतून येतात. काही गोष्टी शोरूम स्वतःच्या खिशातून देतं, जसं की मॅट, सीट कव्हर, मडफ्लॅप. त्या कधी द्यायच्या ते शोरूमच्या हातात असतं, म्हणून त्या बुकिंगच्या दिवसाला बांधता येतात. एक्सचेंज बोनससारखी मोठी सूट मात्र बहुतेक वेळा गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या स्कीममधून येते. स्कीम महिन्याची असते आणि कंपनी शोरूमला पैसे देते ते त्या महिन्यात बिल झालेल्या गाड्यांवर. बुकिंग कधी झालं हे तिथे कोणी विचारत नाही.

ग्राहक समजतो, "वीकेंडला बुक केलं म्हणजे ऑफर माझी." गाडी हजर असेल तर आठ-दहा दिवसांत बिल होतं आणि कुणाला काही कळत नाही. गाडीला वेटिंग असेल तर बिल पुढच्या महिन्यात जातं, स्कीम संपलेली असते, आणि टेबलापलीकडे मी बसलेला असायचो.

तेव्हा आधी मॅनेजरकडून चार गोष्टी लेखी घ्या: बोनस कुणाच्या खिशातला, बुकिंगवर की बिलावर, शेवटची तारीख कोणती, आणि आज दोन्ही प्रकारच्या किती गाड्या हजर आहेत. चिठ्ठी नको, स्कीमचं पत्रच मागा. ते शोरूममध्ये असतंच.

पहाटवारा

गिअरबॉक्स, तुम्ही लिहिलंय ते माझ्याबरोबर जसंच्या तसं घडलंय. शोरूमचं नाव घेत नाही. कॅप्शनचा स्क्रीनशॉट अजून माझ्याकडे आहे: "या वीकेंडला बुक करा, एक्सचेंज बोनस मिळवा." शब्द एवढेच. मी रविवारी ऑटोमॅटिक बुक केली, पावती घेतली. जुनी गाडी त्यांनीच बघून भाव सांगितला. पाच आठवड्यांनी "गाडी आली" म्हणून फोन आला. बिलाचा कागद बघते तर बोनसची ओळच नाही. विचारलं तर म्हणाले, "मॅडम, ती गेल्या महिन्याची स्कीम."

मी स्क्रीनशॉट दाखवला. सेल्सवाल्या मुलाने खाली बोट दाखवलं: अटी लागू. मी म्हटलं, कोणती अट ते वाचून दाखव. त्याच्याकडेही ती लिहिलेली नव्हती. त्या मुलावर राग नाही, त्यालाही कोणी सांगितलं नव्हतं. पण घरी येताना वडील गाडीत एक शब्द बोलले नाहीत. आमची जुनी गाडी त्यांनी बोनस धरून हिशोब करून दिली होती.

उंबरठा

वाईट झालं. पण हा प्रकार सेल्सवाल्याने बुकिंग घेतानाच सांगायचा होता. कॅप्शनचा काय दोष?

पहाटवारा

मी बुकिंग केलंच कॅप्शन वाचून. रविवारी संध्याकाळी साडेपाचला, "आज शेवटचा दिवस" म्हणून.

गिअरबॉक्स

उंबरठा, दोघांचाही दोष. पण सेल्सचा मुलगा त्या दोन दिवसांत पंधरा-वीस कुटुंबांशी बोलतो. तो काय बोलला याचा पुरावा राहत नाही, कॅप्शन मात्र राहते. म्हणून ज्या अटीमुळे माणसाला ऑफर मिळते की नाही हे ठरतं, ती अट ऑफरच्याच वाक्यात हवी. बाकीच्या अटी, म्हणजे कोणते कागद आणायचे, किटमध्ये कोणत्या रंगाची मॅट वगैरे, त्या शोरूममध्ये किंवा पानावर सांगा.

अट कुठली आत घ्यायची आणि कुठली बाहेर ठेवायची, हे ठरवायची माझी पद्धत अशी: ती अट ग्राहकाला गाडीच्या दिवशी कळली तर तो बुकिंग रद्द करायला निघेल का? निघणार असेल तर ती कॅप्शनमध्ये.

मधली_सीट

मला एक वेगळीच गोष्ट दिसली. "टेस्ट ड्राइव्ह घ्या आणि मिळवा मोफत ॲक्सेसरी किट." मी साधी वाचक म्हणून वाचलं तर याचा अर्थ नुसती चक्कर मारली तरी किट मिळणार असा होतो. आमच्या घरातले चारजण चार चकरा मारून चार किट मागतील!

"आणि" या शब्दाने हा घोळ झालाय. किट कशावर आहे, चक्कर मारण्यावर की बुकिंग करण्यावर?

निळीशाई

अगं बाई! बरोबर. चार वेळा वाचूनही मला हे दिसलं नव्हतं. किट बुकिंगवर आहे.

आज मॅनेजरकडून पत्र मागून घेतलं. आधी "कशाला एवढं" झालं, मग दिलं. हाती आलेली माहिती:

ॲक्सेसरी किट शोरूमचं आहे. १४ आणि १५ तारखेला बुकिंगची रक्कम भरली की मिळणार, गाडी कधीही येवो. एक्सचेंज बोनस कंपनीचा आहे, आणि पत्रात स्वच्छ लिहिलंय की ३० जूनपर्यंत बिल झालेल्या गाड्यांवरच. जुनी गाडी ग्राहकाच्या स्वतःच्या किंवा घरातल्या जवळच्या माणसाच्या नावावर हवी, तिच्यावर कर्ज बाकी नको.

आता खरी अडचण. मॅन्युअल ११ हजर आहेत. ऑटोमॅटिक एकही नाही, चार ते सहा आठवडे वेटिंग. म्हणजे १४ जूनला बुक केलेली ऑटोमॅटिक लवकरात लवकर १२ जुलैला येणार. कार्यक्रमात ऑटोमॅटिक बुक करणाऱ्या एकालाही हा बोनस मिळू शकत नाही! आणि आमची डेमो ऑटोमॅटिक दारातच उभी असणार, पोस्टरवर बोनसचा मोठा आकडा घेऊन.

पहाटवारा

हेच. हेच माझ्याबरोबर झालं. कृपा करून हे लिहा.

गिअरबॉक्स

वाटलंच होतं. ऑटोमॅटिकला वेटिंग आणि मॅन्युअलचा साठा, हे जवळपास नेहमीचं दृश्य. कंपनी बोनस देते तोच साठा हलावा म्हणून. ज्या गाडीला लोक दोन महिने थांबायला तयार आहेत तिच्यावर ती कशाला पैसे सोडेल? त्यामुळे मोठी ऑफर आणि मोठी वेटिंग एकाच पोस्टरवर दिसली की बिलाची तारीख विचारायची, हे गाडी घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवा.

कॅप्शनमध्ये दोन ऑफर दोन वेगळ्या वाक्यांत लिहा, एका "आणि"ने बांधू नका. एक बुकिंगच्या तारखेवर चालते, दुसरी बिलाच्या. दोन्हींना शेवटची तारीखही वेगळी द्या. ऑटोमॅटिकला बोनस नाही हे सरळ लिहा.

अजून एक, बोनस म्हणजे जुन्या गाडीची किंमत नव्हे. किंमत मूल्यांकनातून ठरते, बोनस त्याच्यावर जादा. काही ठिकाणी मूल्यांकनात भाव थोडा पाडतात आणि बोनस देऊन तो भरल्यासारखं दाखवतात. ग्राहकाने दोन आकडे वेगळे लिहून मागावेत. कॅप्शनमध्ये "मूल्यांकनाच्या किमतीवर जादा" असे तीन शब्द घातलेत तर तुमच्या शोरूमलाही पुढे ते पाळावं लागेल.

उंबरठा

पण "ऑटोमॅटिकला बोनस नाही" लिहिलं तर ऑटोमॅटिकवाले येणारच नाहीत. गर्दी कमी झाली तर निळीशाईंनाच बोलणी बसतील. मॅनेजरचीही बाजू बघा, त्याला दोन दिवसांत बुकिंगचा आकडा दाखवायचा असतो.

गिअरबॉक्स

आकड्याचं दडपण खरं आहे, मी ते चौदा वर्षं पाहिलंय. पण ज्या बुकिंगचं गाडीच्या दिवशी भांडण होतं ते रद्द होतं, पैसे परत करावे लागतात, आणि मागवलेली गाडी अंगावर पडते. पंधरवड्यासाठी आकडा दिसतो, पुढच्या महिन्यात तोच उणे होतो. ऑटोमॅटिक हवी असलेला माणूस बोनससाठी येत नाही, क्लचच्या पायाला कंटाळून येतो. तो येईलच. किट त्यालाही मिळतंय ना, ते ठळक लिहा.

आडवाट

म्हणजे मी ऑटोमॅटिक घेऊ नये का?

मधली_सीट

घ्या हो, फक्त बोनस धरून बजेट करू नका.

चारचाकी

बुकिंगच्या पद्धतीबद्दल बोलतो, माझं काम तेच आहे. निळीशाई, तुमच्या मजकुरात तीन दारं आहेत: फॉर्म, फोन, थेट भेट. तिन्ही दारांतून लोक एकाच अकरा वाजताच्या वेळेवर येतात, कारण तिघांच्या वह्या वेगळ्या असतात. दार एकच ठेवा. व्हॉट्सॲप सगळ्यांकडे आहे, तेच घ्या. फोन आला तरी उचलणाऱ्याने तिथलीच यादी बघून वेळ द्यायची.

लिंक अशी बनवा की उघडल्यावर मेसेज आधीच टाइप केलेला दिसेल आणि माणसाने फक्त रिकाम्या जागा भरायच्या:

```
https://wa.me/NUMBER?text=नाव:%0Aगाडी:%0Aवार:%0Aवेळ:
```

`NUMBER` च्या जागी देशाच्या कोडसकट पूर्ण नंबर. मागे-पुढे अधिकचं चिन्ह, शून्य, रेघ, मोकळी जागा काहीही नको. पुढे शून्य राहिलं तर लिंक उघडते पण नंबर चुकीचा सांगते, आणि हे बनवणाऱ्याला कळत नाही कारण तो स्वतः ती दाबून बघत नाही. `%0A` म्हणजे नवी ओळ. ही लिंक बटणाच्या मागे ठेवा. नुसती मजकुरात चिकटवली तर मराठी अक्षरांपाशी ती मध्येच तुटू शकते.

इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये लिंक दाबताच येत नाही, तिथे "लिंक प्रोफाइलमध्ये" लिहावं लागेल. फेसबुकवर चालते. म्हणजे तिन्हीकडे तीच कॅप्शन जशीच्या तशी टाकू नका, शेवटची ओळ बदला.

आणि व्हॉट्सॲपवर ताऱ्याची गंमत होते. शब्दांच्या दोन्ही बाजूंना तारा दिला की तो मजकूर ठळक होतो आणि तारे गायब होतात. तुमचं `*अटी लागू*` तिथे नुसतं ठळक "अटी लागू" दिसेल. वर "बोनस*" ला तारा आहे, खाली त्याचा जोडीदारच नाही. तारा कशाकडे बोट दाखवतोय ते वाचणाऱ्याला कळणार नाही. अट वाक्यातच आली तर ताऱ्याची गरजच संपते.

निळीशाई

तारा मी आत्ता स्वतःला मेसेज पाठवून पाहिला. खरंच गायब झाला.

चारचाकी, किती लोकांना वेळ देता येईल याचा अंदाज कसा बांधू? मॅनेजर म्हणतो "येतील तेवढे घेऊ".

चारचाकी

वेळ किती?

निळीशाई

सकाळी १० ते संध्याकाळी ६. चक्कर अर्ध्या तासाची सांगितली आहे.

गिअरबॉक्स

हे मी सांगतो. चक्कर ३० मिनिटांची असली तरी गाडी ३० मिनिटांत मोकळी होत नाही. लायसन्स बघायचं, सही घ्यायची, सीट-आरसे लावून द्यायचे, परत आल्यावर गाडी पुसायची, इंधन बघायचं. त्याला १५ मिनिटं धरा. म्हणजे एका माणसामागे ४५ मिनिटं. आठ तासांत ४८० मिनिटं, एका गाडीवर दहा वेळा बसतात आणि शेवटी अर्धा तास उरतो. १०, १०:४५, ११:३०, १२:१५, १, १:४५, २:३०, ३:१५, ४ आणि ४:४५.

दहाच्या दहा देऊ नका. दुपारी १ ची आणि ४:४५ ची वेळ हातात राखा. सकाळी कोणी वीस मिनिटं उशिरा आला की मागच्या सगळ्यांची गाडी सरकते, ती १ वाजता जागेवर येते. न सांगता आलेल्या एखाद्या कुटुंबालाही तिथे बसवता येतं. म्हणजे रोज एका गाडीवर ८, दोन गाड्यांवर १६, दोन दिवसांत ३२. एवढीच बुकिंगं घ्या.

आणि गाडी कोणती ते मेसेजमध्ये विचाराच. ३२ मधल्या १६ वेळा मॅन्युअलच्या आहेत आणि १६ ऑटोमॅटिकच्या, त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. ऑटोमॅटिक आधी भरेल.

मधली_सीट

ग्राहक म्हणून एक मागणी. मेसेज पाठवल्यावर "धन्यवाद, लवकरच संपर्क करू" असं आपोआप उत्तर येतं, आणि मी समजते की वेळ मिळाली. मग तिथे गेल्यावर "तुमचं नावच नाही". वेळ पक्की झाली हे नेमकं कशावरून समजायचं तेवढं सांगा.

चारचाकी

+१. आपोआप जाणाऱ्या उत्तरात "ही नोंद अजून पक्की नाही" असं लिहा, आणि माणसाने पाठवलेल्या उत्तरात वार, वेळ आणि गाडी तिन्ही परत लिहा: "वेळ पक्की: शनिवार, ११:३०, ऑटोमॅटिक." मेसेजमध्येच लायसन्सचा फोटोही मागा, त्या दिवशी पाच मिनिटं वाचतात.

पहाटवारा

लायसन्सचा फोटो अनोळखी नंबरवर मी पाठवणार नाही. त्यावर जन्मतारीख, पत्ता सगळं असतं. मूळ लायसन्स तिथे दाखवीन.

चारचाकी

पण मग लायसन्सची मुदत संपलेला माणूस थेट दारात येतो आणि वेळ वाया जाते.

गिअरबॉक्स

दोघांचं बरोबर. आम्ही फोटो घ्यायचो, पण ते फोटो सेल्सच्या मुलांच्या खासगी फोनमध्ये वर्षानुवर्षं पडून असायचे, हेही खरं. ठरवा तुमचं तुम्ही.

निळीशाई

फोटो नको ठेवते. त्याऐवजी "मुदतीतलं मूळ लायसन्स" असं लिहिते.

आडवाट, तुमचं उत्तर मिळालं: आमच्याकडे शिकाऊ लायसन्सवर गाडी हातात देत नाहीत, पण शेजारी बसून चक्कर मारता येते, चालवायला आमचा माणूस असतो. बरोबर पक्कं लायसन्स असलेलं घरातलं कोणी आणलंत तर ते चालवू शकतात. हेही कॅप्शनमध्ये घेतलंय.

सगळ्यांचं ऐकून केलेला मजकूर:

> शनिवार १४ आणि रविवार १५ जून २०२५, सकाळी १० ते संध्याकाळी ६: गाडी स्वतः चालवून बघा. मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक, दोन्ही आहेत. प्रत्येकाला ३० मिनिटं, मोफत. वेळ आधी ठरवून या.
>
> वेळ अशी ठरवा
> १. खालचं बटण दाबा. व्हॉट्सॲपवर नाव, गाडी (मॅन्युअल की ऑटोमॅटिक), वार आणि वेळ भरून पाठवा.
> २. "वेळ पक्की" असं आमचं उत्तर आलं की जागा तुमची. त्याआधी नाही.
> ३. येताना मुदतीतलं मूळ लायसन्स आणा. शिकाऊ लायसन्स असेल तर शेजारी बसून चक्कर मारता येईल.
>
> या दोन दिवसांत गाडी बुक केलीत तर ॲक्सेसरी किट मोफत, मॅन्युअल असो वा ऑटोमॅटिक. गाडी नंतर मिळाली तरी किट मिळेल. नुसत्या टेस्ट ड्राइव्हवर किट नाही.
>
> जुनी गाडी देऊन मॅन्युअल घेतलीत तर मूल्यांकनाच्या किमतीवर जादा एक्सचेंज बोनस, पण नव्या गाडीचं बिल ३० जून २०२५ पर्यंत झालं तरच. जुनी गाडी तुमच्या किंवा घरातल्या जवळच्या व्यक्तीच्या नावावर आणि कर्जमुक्त हवी. ऑटोमॅटिकला सध्या ४ ते ६ आठवडे लागतात, त्यामुळे आत्ता बुक केलेल्या ऑटोमॅटिकवर हा बोनस मिळणार नाही.

उंबरठा

लांब आहे. पण पहिली ओळ चांगली झाली. तारीख, वेळ, काम, तिन्ही आलं.

गिअरबॉक्स

लांब चालेल, इन्स्टाग्राम २,२०० अक्षरांपर्यंत घेतं. ज्याला ऑफर हवी तो "आणखी" दाबून वाचतोच. "त्याआधी नाही" मला फार आवडलं.

एक सुचवणी: पोस्टरच्या चित्रावर जिथे बोनसचा आकडा मोठा छापलाय, तिथेच त्याच्या खाली "मॅन्युअल, बिल ३० जूनपर्यंत" हे वाचता येईल अशा आकारात घ्या. कॅप्शन वेगळी होते, चित्र एकटंच फॉरवर्ड होतं.

मधली_सीट

किटमध्ये नेमकं काय ते लिहायला हवं असं नाही वाटत? "किट" म्हणजे मला सीट कव्हरही वाटतं.

निळीशाई

विचारलं. मॅट, मडफ्लॅप आणि बूट ट्रे. सीट कव्हर नाही! घातलं लगेच. चित्रावरची ओळही डिझायनरला सांगितली.

मॅनेजरने मजकूर वाचला. ऑटोमॅटिकचं शेवटचं वाक्य काढायला सांगत होता. मी त्याला पत्रातली ओळ आणि १२ जुलैचा हिशोब दाखवला. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "मिळणार नाही नको, जुलैच्या स्कीमप्रमाणे लिही." म्हणजे "ऑटोमॅटिकला जुलैची जी स्कीम असेल ती लागू".

पहाटवारा

नाही, नाही! "जुलैची जी स्कीम असेल ती" वाचून मी समजले असते की जुलैमध्येही असाच बोनस असणार.

उंबरठा

उलट मला मॅनेजरचं वाक्य योग्य वाटतं. जुलैमध्ये खरंच स्कीम आली तर? "मिळणार नाही" लिहून बसलात तर तेही चूक ठरेल.

गिअरबॉक्स

दोन्ही जोडा: "जूनचा बोनस ऑटोमॅटिकवर मिळणार नाही. जुलैची स्कीम अजून जाहीर झालेली नाही." दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि कुणालाच काही कबूल करत नाहीत.

निळीशाई

हे चालेल. मॅनेजरनेही हो म्हटलं. पोस्ट उद्या सकाळी जाते.

निळीशाई

सोमवार. थोडक्यात कळवते. ऑटोमॅटिकच्या सोळाही वेळा बुधवारीच भरल्या, मॅन्युअलच्या तेरा भरल्या. तिघं आलेच नाहीत. १ ची राखीव वेळ दोन्ही दिवस वापरली गेली: शनिवारी उशीर भरून काढायला, रविवारी एक आजी-आजोबा न सांगता आले त्यांच्यासाठी.

ऑटोमॅटिक बुक करणाऱ्यांपैकी एका गृहस्थांनी काउंटरवर बोनस मागितला. त्यांना फॉरवर्ड होऊन आलेलं चित्र मिळालं होतं, कॅप्शन नव्हती. चित्रावरची बारीक ओळ दाखवल्यावर त्यांनी ती चष्मा काढून, फोन डोळ्यांजवळ नेऊन वाचली. "वाचता येईल अशी" म्हणजे गिअरबॉक्स म्हणाले होते तेवढी मोठी ती नव्हती. पुढच्या वेळी आकड्याच्या निम्म्या आकाराची तरी करून घेणार आहे.

पहाटवारा

त्यांनी बुकिंग केलं का शेवटी?

निळीशाई

केलं. पण आधी विचारलं की गाडी सहा आठवड्यांत आली नाही आणि त्यांनी बुकिंग रद्द केलं तर भरलेली रक्कम पूर्ण परत मिळते का. सेल्सचा मुलगा "हो" म्हणाला, अकाउंट्सवाले "काही कापून" म्हणाले. कॅप्शनमध्ये मी रद्द करण्याचा शब्दही घातला नव्हता. आता दोघांकडून एकच उत्तर लेखी मागितलंय.

गिअरबॉक्स

मिळालं की इथे टाका.